वेड्यावाकड्या भाराची मोजदाद: रेनफ्लो पद्धत

धातूचा एखादा भाग एका दणक्यात मोडतो, तसाच तो पुन्हापुन्हा येणाऱ्या मध्यम भाराने थकूनही मोडतो. यातल्या कुठल्याही एका वेळचा भार त्या भागाला सहज पेलणारा असतो. पण भार वाढणे आणि उतरणे लाखो वेळा घडले, की एखाद्या भोकाच्या काठावर किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते, ती हळूहळू पुढे सरकते आणि शेवटी उरलेला भाग तुटतो. या थकव्याचा हिशेब मांडताना मोजायचे असते ते भाराचे एक पूर्ण जाणे-येणे, म्हणजे आवर्तन. यंत्र एका लयीत फिरत असेल तर आवर्तने मोजायला काहीच डोके लागत नाही. भार वेडावाकडा असला की मात्र आवर्तन नेमके कशाला म्हणायचे, इथूनच अडचण सुरू होते. रेनफ्लो मोजणी ही त्या अडचणीवरची पद्धत आहे.

थकव्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो सोप्या प्रकरणापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रशियाच्या रेल्वेत काम करणारे ऑगस्ट व्होलर गाड्यांचे आस का तुटतात याचा शोध घेत होते. गाडीच्या वजनाने आस किंचित वाकलेला असतो आणि तो फिरत राहतो. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचा कुठलाही ठिपका एका फेरीत एकदा ओढला जातो आणि एकदा दाबला जातो. एक फेरी म्हणजे एक आवर्तन. व्होलर यांनी वेगवेगळ्या ताणाखाली नमुने फिरवून प्रत्येक नमुना किती फेऱ्यांनी तुटतो ते नोंदले. ताणाचा पल्ला आणि तुटेपर्यंतची आवर्तने यांचा जो आलेख आजही प्रत्येक अभियंता वापरतो, तो या कामातून पुढे आला. पल्ला म्हणजे आवर्तनातल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या ताणातले अंतर.

या आलेखाची एक खोड लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर टेकलेला आहे. पल्ला थोडा वाढला तरी आयुष्य फार झपाट्याने घटते. पुढील उदाहरणासाठी असे धरू की एका पोलादी भागाला 300 मेगापास्कल पल्ल्याची 1 लाख आवर्तने सोसतात आणि पल्ला बदलला की आयुष्य त्याच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते:

N = 100000 × (300/S)^5

इथे S हा पल्ला आणि N ही तुटेपर्यंतची आवर्तने. पल्ला निम्मा, म्हणजे 150 केला तर आयुष्य दुप्पट न होता 32 पट होते. म्हणून पल्ला मोजण्यात छोटीशी चूक झाली तरी आयुष्याच्या अंदाजात ती मोठी होऊन बाहेर पडते.

वेगवेगळ्या पल्ल्यांची आवर्तने एकत्र येतात तेव्हा त्यांची हानी कशी जोडायची, याचा नियम रेनफ्लोच्या आधीपासून आहे. स्वीडनमध्ये पाल्मग्रेन यांनी 1924 साली बेअरिंगच्या संदर्भात तो मांडला आणि अमेरिकेत विमान उद्योगात काम करणारे मायनर यांनी 1945 साली तो सर्वांच्या वापरात आणला. एखाद्या पल्ल्याची 1 लाख आवर्तने सोसत असतील तर त्या पल्ल्याचे प्रत्येक आवर्तन आयुष्याचा एक लाखावा हिस्सा खाते. सगळ्या आवर्तनांचे हिस्से जोडायचे आणि बेरीज 1 झाली की भाग संपला असे मानायचे. नियम एवढा सरळ आहे, पण त्याला आवर्तनांची यादी तयार हातात लागते. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीचा भाग अशी यादी देत नाही.

मोटारीचे चाक ज्या दांड्याने सांगाड्याला जोडलेले असते, त्या सस्पेन्शनच्या हातावर स्ट्रेन गेज चिकटवला, तर पडद्यावर दिसते ती कुठलीही लय नसलेली रेघ. खड्डा, ब्रेक, वळण, गतिरोधक, पुन्हा खड्डा. रेघ वर जाते, अर्ध्यात वळते, थोडी खाली येते, पुन्हा वर जाते, मग खोल उतरते आणि उतरतानाही मध्येच एकदोनदा डोके वर काढते. यात पहिली सवलत अशी, की रेघेचा आकार बाजूला ठेवून फक्त ती जिथे वळते ते बिंदू ठेवले तरी चालते. सामान्य तापमानाला धातूच्या थकव्याच्या दृष्टीने भार किती वेळात चढला किंवा मध्ये किती रेंगाळला, याला फारसे महत्त्व नसते. महत्त्व असते ते कुठवर चढला आणि कुठून परतला याला.

अशी नोंद गाळून उरलेल्या वळणबिंदूंची एक लहान मालिका घेऊ. आकडे मेगापास्कलमध्ये आहेत. धन आकडा म्हणजे ओढ, ऋण आकडा म्हणजे दाब:

200, 40, 120, −100, 80, 20, 150, −20, 200

ही मालिका जिथून सुरू झाली तिथेच संपते, म्हणजे तीच पुन्हापुन्हा घडत राहते असे धरता येते. आता यात आवर्तने किती आणि कोणती?

चटकन सुचणारे उत्तर असे, की लागोपाठच्या दोन बिंदूंतली प्रत्येक झेप मोजावी आणि तिला अर्धे आवर्तन म्हणावे. आठ झेपा मिळतात: 160, 80, 220, 180, 60, 130, 170 आणि 220. वरच्या सूत्राने प्रत्येकीची हानी काढून निम्मी केली आणि जोडली, तर ही मालिका सुमारे 3 लाख 22 हजार वेळा सोसेल असे उत्तर येते. मात्र या यादीत सर्वांत मोठी झेप 220 ची आहे. प्रत्यक्षात तो भाग 200 पर्यंत ओढला जातो आणि −100 पर्यंत दाबला जातो, म्हणजे त्याने 300 चा पल्ला पाहिलेला आहे. मध्ये 40 वर एक लहानसे वळण आले एवढ्यासाठी हा मोठा पल्ला यादीतून पार नाहीसा झाला. हानी पाचव्या घाताने वाढत असताना सर्वांत मोठा पल्लाच हिशेबातून सुटणे, हा या पद्धतीचा दोष लहान म्हणता येत नाही. भर म्हणजे तो धोक्याच्या बाजूचा आहे, कारण भाग आहे त्यापेक्षा टिकाऊ दिसतो.

उलट्या टोकाची पद्धतही वापरात होती. सरासरीच्या वरची सगळी शिखरे आणि खालच्या सगळ्या दऱ्या वेगळ्या मोजायच्या, मग सर्वांत उंच शिखर सर्वांत खोल दरीशी जोडायचे, त्याखालचे त्याखालचीशी, असे करत जायचे. यात मोठा पल्ला सुटत नाही, पण नसलेले मोठे पल्ले तयार होतात. एखाद्या भागावर आधी 90 ते 110 च्या दरम्यान दहा लहान हिसके आले आणि नंतर −110 ते −90 च्या दरम्यान दहा आले, तर ही पद्धत 220 पल्ल्याची दहा आवर्तने दाखवते. प्रत्यक्षात भाग वरून खाली एकदाच गेला, बाकी सगळी हालचाल 20 च्या पल्ल्याची होती. खरे उत्तर या दोन पद्धतींच्या मध्ये कुठेतरी आहे एवढे सांगून भागत नाही. कोणती शिखरे कोणत्या दऱ्यांशी जोडायची हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याचे उत्तर धातूच्या वागण्यात सापडते. भोकाच्या काठावर ताण एकवटलेला असतो आणि तिथला धातू थोडासा कायमचा वाकतो-ताणतो. अशा ठिकाणी ताण आणि विकृती, म्हणजे लांबीतला सूक्ष्म बदल, यांचा आलेख काढला तर जाताना एक वाट आणि परतताना दुसरी वाट दिसते. दोन्ही मिळून एक बंद वळसा होतो. या वळशात कोंडलेले क्षेत्रफळ म्हणजे धातूने त्या आवर्तनात गिळलेली ऊर्जा, आणि हानी तिच्याशीच निगडित असते.

वरच्या मालिकेत धातू 200 वरून खाली निघतो, 40 ला पोहोचतो, तिथून उलटा फिरून 120 पर्यंत चढतो आणि पुन्हा उतरायला लागतो. उतरताना तो परत 40 ला येतो तेव्हा 40 आणि 120 यांच्यातला लहान वळसा बंद होतो. यापुढे जे घडते त्यावर सगळी पद्धत उभी आहे. 40 च्या खाली गेल्यावर धातू 200 वरून निघालेल्या मूळ वाटेवर जसाच्या तसा पुढे जातो, जणू मधला अडथळा आलाच नव्हता. याला धातूची स्मृती म्हणतात. म्हणजे धातूच्या लेखी 200 ते −100 ही एकच अखंड उतरण आहे आणि 40-120 चा वळसा तिच्या पोटात घडलेली वेगळी घटना आहे. प्रयोगशाळेत एका लयीत ओढ-दाब दिलेला नमुनाही असेच बंद वळसे आखतो. म्हणूनच बंद वळसा हे आवर्तनाचे माप मानले, की व्होलरच्या आलेखाशी तुलना करण्याचा अधिकार मिळतो.

हा विचार मोजणीच्या रूपात आणला तो जपानमधील तात्सुओ एंडो यांनी. मात्सुइशी यांच्यासोबत त्यांनी तो 1968 साली मांडला आणि त्यासाठी पॅगोडाच्या एकावर एक उतरत्या छपरांचे चित्र वापरले. भाराचा आलेख काटकोनात फिरवून काळाचा अक्ष खाली जाणारा करायचा. आता प्रत्येक चढ-उतार म्हणजे एक उतरते छप्पर, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे. प्रत्येक वळणबिंदूपासून पावसाची एक धार सुरू होते, छपरावरून वाहते आणि कडेला आल्यावर खालच्या छपरावर पडते. धार कुठे थांबते याचे दोनच नियम आहेत. दरीपासून निघालेल्या धारेला वाटेत स्वतःच्या सुरुवातीपेक्षा खोल दरी आडवी आली, किंवा शिखरापासून निघालेल्या धारेला स्वतःपेक्षा उंच शिखर आडवे आले, की ती थांबते. किंवा वरच्या छपरावरून गळणारी आधीची धार भेटली की थांबते. प्रत्येक धारेने कापलेले आडवे अंतर हे अर्ध्या आवर्तनाचा पल्ला.

उदाहरणातल्या मालिकेवर पाऊस पाडला, तर 200 पासून निघालेली धार 40 च्या कडेला येते, तिथून खाली पडते आणि 120 वरून −100 कडे जाणाऱ्या छपरावर आदळून −100 पर्यंत वाहत जाते. मधल्या वळणाने ती अडत नाही. 40 पासून निघालेली धार 120 च्या कडेवरून सुटते, पण समोर −100 ची खोल दरी आल्याने तिथेच संपते. 120 पासून निघालेली धार 40 च्या उभ्या रेषेत पोहोचते तेव्हा वरून पडणारी पहिली धार तिला भेटते आणि ती थांबते. 40 ते 120 आणि 120 ते 40 असे दोन अर्धे मिळून 80 पल्ल्याचे एक पूर्ण आवर्तन झाले. धातूची स्मृती आणि पावसाची धार एकच गोष्ट सांगतात. पावसाचा थांबण्याचा नियम मनात आला तसा घेतलेला नसून वळसा बंद होण्याची अटच त्या रूपात मांडलेली आहे.

हे चित्र समजावून सांगायला सुरेख असले तरी संगणकाला छपरे आणि धारा देणे म्हणजे नसता व्याप आहे. आज वापरली जाणारी रीत त्याहून साधी आहे आणि कागदावरही करता येते. लागोपाठचे चार बिंदू घ्यायचे. त्यांत तीन झेपा असतात. मधली झेप तिच्या आधीच्या आणि नंतरच्या झेपेपेक्षा मोठी नसेल तर तो वळसा बंद झाला. मधले दोन बिंदू आवर्तन म्हणून नोंदवायचे आणि मालिकेतून काढून टाकायचे. उरलेले बिंदू जोडून पुन्हा तीच तपासणी.

पहिले चार बिंदू 200, 40, 120, −100. झेपा 160, 80 आणि 220. मधली 80 दोन्हींपेक्षा लहान आहे, म्हणून 40-120 हे आवर्तन बाहेर काढले. उरले 200, −100, 80, 20, 150, −20, 200. यातले 200, −100, 80, 20 घेतले तर झेपा 300, 180 आणि 60 होतात. मधली शेवटचीपेक्षा मोठी आहे, म्हणून काही न काढता एक पाऊल पुढे. −100, 80, 20, 150 मध्ये झेपा 180, 60 आणि 130. इथे 20-80 हे 60 पल्ल्याचे आवर्तन निघाले. उरले 200, −100, 150, −20, 200. पहिल्या चारांत झेपा 300, 250 आणि 170, म्हणजे अजून काही नाही. पुढच्या चारांत, −100, 150, −20, 200 मध्ये, झेपा 250, 170 आणि 220. म्हणून 150 ते −20 हे 170 पल्ल्याचे आवर्तन. शेवटी राहिले 200, −100, 200, म्हणजे 300 पल्ल्याचे एक पूर्ण आवर्तन.

आठ झेपांतून चार आवर्तने निघाली: 300, 170, 80 आणि 60. एकही वळणबिंदू वाया गेला नाही आणि एकही दोनदा मोजला गेला नाही. सूत्रात घातल्यावर 300 चे आवर्तन आयुष्याचा एक लाखावा हिस्सा खाते. 170 चे त्याच्या सुमारे 5.8 टक्के, 80 चे 0.13 टक्के आणि 60 चे 0.03 टक्के. एकूण बेरजेवरून ही मालिका सुमारे 94 हजार वेळा सोसेल. झेपा मोजणाऱ्या पद्धतीने 3 लाख 22 हजार सांगितले होते. त्याच भागाचे, त्याच धातूचे, त्याच नोंदीचे आयुष्य केवळ मोजणी बदलल्याने तिपटीहून कमी झाले.

चार आवर्तनांपैकी एकट्या सर्वांत मोठ्याने 94 टक्के हानी केली हेही नजरेत भरते. खऱ्या नोंदींत लाखो वळणबिंदू असतात, पण चित्र बहुधा असेच निघते. म्हणून मोजणीआधी एक उंबरठा ठेवून त्याहून लहान हालचाली गाळतात. त्यात मोजयंत्राची कुरकुर निघून जाते आणि हानीच्या हिशेबात फरक पडत नाही. उंबरठा फार वर नेला मात्र तर लहान पण असंख्य आवर्तने सुटू शकतात. विशेषतः वेल्डिंगच्या जोडांत पाचवा घात नसून तिसऱ्याच्या आसपासचा घात लागतो, म्हणून तिथे लहान आवर्तनांना तुलनेने जास्त वजन असते.

मालिका नेहमी अशी गुळगुळीत संपत नाही. सुरुवात आणि शेवट कुठेही असले तर चार बिंदूंच्या तपासणीनंतर काही बिंदू जोडीदाराविना उरतात. या उरलेल्या तुकड्याचा आकार ठरलेला असतो: झेपा आधी वाढत जातात आणि मग घटत जातात. त्यात नोंदीतले सर्वांत उंच शिखर आणि सर्वांत खोल दरी असतेच, त्यामुळे कचरा म्हणून तो फेकणे हा मोठा प्रमाद ठरतो. अमेरिकेतील एएसटीएम संस्थेच्या ई1049 या प्रमाणपद्धतीत उरलेल्या झेपा अर्धी आवर्तने म्हणून मोजतात. दुसरी रीत अशी, की उरलेला तुकडा त्याच्याच मागे पुन्हा जोडायचा आणि मोजणी परत करायची. मग सर्वांत मोठा वळसा पूर्ण होऊन बाहेर येतो. नोंद पुन्हापुन्हा घडणार असेल तर ती आधीच सर्वांत उंच शिखरापासून सुरू होईल अशी फिरवून घेणे सोपे पडते. वरच्या उदाहरणात तसेच केले होते. डाउनिंग आणि सोसी यांनी 1982 साली अशा गणनेच्या सुटसुटीत रीती प्रसिद्ध केल्या आणि त्यानंतर संगणकावर ही मोजणी सर्रास होऊ लागली.

पद्धत खरी ठरते का, हे पाहिल्याशिवाय कोणी तिच्यावर विसंबले नाही. नॉर्मन डाउलिंग यांनी 1972 साली ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या नमुन्यांवर वेडेवाकडे भार देऊन निरनिराळ्या मोजण्या तपासल्या. बंद वळसे ओळखणाऱ्या पद्धतींचे अंदाज प्रत्यक्षाच्या जवळ आले, बाकीचे दूर गेले. त्याच दशकात अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या एसएई संस्थेने किल्लीच्या भोकासारखी खाच असलेल्या पोलादी नमुन्यांवर तीन खऱ्या नोंदींचे भार चालवले. एक नोंद सस्पेन्शनची, एक ट्रान्समिशनची आणि एक कंपन पावणाऱ्या ब्रॅकेटची होती. या चाचण्या आजही नव्या हिशेबाची परीक्षा घ्यायला वापरल्या जातात.

मोजणी बिनचूक असूनही उत्तर चुकते ते बहुतेक वेळा नोंदीमुळे. पहिला दोष विरळ नमुन्यांचा. मोजयंत्र ताण अखंड पाहत नाही, सेकंदाला काही ठरावीक वेळाच पाहते. एका कंपनात दहा वेळा पाहिले आणि शिखर नेमके दोन पाहण्यांच्या मधोमध आले, तर ते सुमारे 5 टक्क्यांनी कमी दिसते. पाचव्या घाताने हानी मात्र 22 टक्क्यांनी कमी येते. दुसरा दोष याच्या उलटा. विजेच्या एखाद्या झटक्याने नोंदीत एकच खोटा काटा उभा राहिला आणि त्याचा पल्ला खऱ्या सर्वांत मोठ्या पल्ल्याच्या दुप्पट असला, तर तो एकटाच 32 आवर्तनांइतकी हानी दाखवतो. रेनफ्लो त्याला सर्वांत खोल दरीशी इमानाने जोडते, कारण खरे-खोटे ओळखणे तिचे कामच नाही. ज्या नोंदीत जवळपास सगळी हानी एकाच आवर्तनातून आलेली दिसते, ती नोंद त्या क्षणी इतर गेजांवर आणि वेगमापकावरही काही घडले का, हे ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. तापमानाने गेजचा शून्य हळूहळू सरकणे हाही याच जातीचा त्रास. दिवसभराच्या नोंदीत तो एक भलेमोठे खोटे आवर्तन तयार करतो.

तिसरा दोष फाइलींचे तुकडे पाडण्याचा. विमानाचा पंख जमिनीवर स्वतःच्या आणि इंधनाच्या वजनाने खाली झुकलेला असतो आणि हवेत वर उचलला जातो. उड्डाणाच्या मधल्या नोंदींवर वेगळी मोजणी केली तर फक्त हवेच्या हिसक्यांची लहान आवर्तने सापडतात. जमीन, आकाश आणि पुन्हा जमीन हे उड्डाणागणिक एकदाच होणारे मोठे आवर्तन कुठल्याच फाइलीत पूर्ण दिसत नाही. पवनचक्कीच्या पात्यांच्या दहा-दहा मिनिटांच्या नोंदींतही हाच प्रश्न येतो. म्हणून प्रत्येक फाइलीचा उरलेला तुकडा जपून ठेवायचा आणि सगळे तुकडे क्रमाने जोडून शेवटी त्यांची मोजणी करायची, असा रिवाज आहे.

पल्ल्याबरोबर प्रत्येक आवर्तनाचा मध्यही नोंदवला जातो. 170 पल्ल्याचे आवर्तन −20 ते 150 मध्ये घडले, म्हणजे त्याचा मध्य 65 वर आहे. तेवढाच पल्ला दाबाच्या बाजूला घडला असता तर हानी कमी झाली असती, कारण दाबाखाली चीर मिटलेली राहते. म्हणून निकाल साध्या यादीऐवजी पल्ला आणि मध्य यांच्या चौकटींच्या तक्त्यात मांडतात आणि गुडमन यांच्यासारख्या नियमाने मध्याची दुरुस्ती करून मग हानी काढतात. रेघेच्या जागी तक्ता आला की काही तासांची नोंद एका पानावर मावते. एका रस्त्याचा तक्ता दुसऱ्या रस्त्याच्या तक्त्यात मिळवता येतो, हजार किलोमीटरसाठी गुणता येतो.

या आटोपशीरपणाची किंमत म्हणजे क्रम नाहीसा होतो. कोणते आवर्तन आधी आले आणि कोणते नंतर, हे तक्त्याला ठाऊक नसते आणि पाल्मग्रेन-मायनर नियमालाही त्याचे सोयरसुतक नाही. धातूला मात्र असते. चीर वाढत असताना एखादी मोठी ओढ आली तर चिरेच्या टोकाशी दाबाचा पट्टा तयार होतो आणि नंतरची लहान आवर्तने काही काळ मंदावतात. उलट, सुरुवातीलाच मोठी आवर्तने आली तर एरवी निरुपद्रवी ठरणारी लहान आवर्तने हानी करू लागतात. प्रत्यक्ष चाचण्यांत हानीची बेरीज नेमकी 1 झाल्यावरच नमुना तुटतो असे क्वचितच घडते. म्हणून सुरक्षेसाठी कित्येक आराखड्यांत बेरजेची मर्यादा 1 पेक्षा खाली ठेवतात.

वेळही नाहीसा होतो. खारट हवेत गंजणाऱ्या किंवा तप्त टर्बाइनमधल्या धातूला आवर्तन संथ झाले की जलद झाले याने मोठा फरक पडतो, आणि तिथे नुसता रेनफ्लोचा तक्ता अपुरा आहे. आणखी एक मर्यादा दिशेची. मोजणी एकाच रेघेवर चालते. पण वळणारा आणि वाकणारा दांडा एकाच वेळी दोन-तीन दिशांनी ताण सोसतो आणि सर्वाधिक ताणाची दिशा क्षणाक्षणाला बदलू शकते. सगळ्या दिशांचा ताण एका आकड्यात बसवणारी प्रचलित सूत्रे तो आकडा नेहमी धनच देतात. त्यामुळे ओढ आणि दाब यांतला भेद पुसला जातो आणि −100 ते 200 चा पल्ला 0 ते 200 असा दिसू लागतो. यावर उपाय म्हणून त्या जागेतून वेगवेगळ्या कोनांतली अनेक काल्पनिक पातळी घेतात, प्रत्येकीवरच्या ताणाची वेगळी रेघ काढून तिची रेनफ्लो मोजणी करतात आणि ज्या पातळीवर हानी सर्वांत जास्त येते तिथून चीर निघेल असे धरतात.